निमंत्रणातले ‘आपण’

शाळेतील आमच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यासाठी दीड मिनिटाची निमंत्रण-चित्रफीत करायचे ठरले आणि तिची संहिता आम्हा चौघांवर सोपवली गेली. पहिला वाद झाला तो सर्वनामावरून. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे: ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत घेते. ‘आम्ही स्नेहमेळावा आयोजित करीत आहोत’ असे म्हटले की चौघे यजमान होतात आणि उरलेले सारे पाहुणे. शिवाय ‘आपण अवश्य यावे’ मधला ‘आपण’ पुन्हा वेगळा. तो आदरार्थी आहे, म्हणून दूरचा आहे. जिच्याशी पाचवीत डबा वाटून खाल्ला तिला ‘आपण’ म्हणणे आम्हांला जमेना. शेवटी निवेदनात सर्वांना सामावणारा ‘आपण’ आणि आवाहनात सरळ ‘ये’, असे ठरले.

पण सर्वांना म्हणजे नेमके कोणाला? अशा निमंत्रणांत बहुधा ‘१९९६ची दहावीची तुकडी’ असे लिहिलेले असते. या तीन शब्दांत आठवीत शाळा सोडून वर्कशॉपमध्ये लागलेला मुलगा बसत नाही, नववीत लग्न झालेली मुलगी बसत नाही, नापास होऊन मागे राहिलेले तर नाहीतच. तेही त्याच बाकावर बसले होते. म्हणून आमचे पहिले वाक्य असे झाले: ‘जून १९९०. आपण पाचवीत आलो.’ प्रवेशाचे वर्ष घेतल्यावर कोणालाही आपला निकाल आठवावा लागत नाही.

संहिता आम्ही रिवाजाप्रमाणे दोन रकान्यांत लिहिली: डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. सावकाश निवेदनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. म्हणजे नव्वद सेकंदांत एकशेऐंशी. आम्ही शंभरावर थांबलो, कारण छायाचित्राला शांतता लागते. स्थिर छायाचित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकवण्याची रीत जुनी आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या १९५७ सालच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या लघुपटात ती फार सुंदर वापरली आहे आणि केन बर्न्स या अमेरिकन माहितीपटकाराने पुढे ती इतकी रुळवली की संकलनाच्या संगणक-प्रणालींत तिला त्याचेच नाव मिळाले. तिचे मर्म एवढेच, की कॅमेरा कोठे पोहोचतो ते आधी ठरलेले हवे. आमच्या समूह-छायाचित्रात तो मुख्याध्यापकांपासून निघतो आणि मागच्या रांगेत, डोळे मिटलेल्या एका चेहऱ्यावर थांबतो. त्या वेळी निवेदन गप्प असते. दिसते तेच शब्दांत सांगणे म्हणजे बघणाऱ्याचा अपमान.

पिवळसर छटा, उडणारी पाने, विकतचा वाळूचा घड्याळजी आम्ही घेतले नाहीत. असले स्मरणरंजन कोणत्याही शाळेचे असू शकते, म्हणून ते आपल्या शाळेचे राहत नाही. त्याऐवजी घेतली घंटा म्हणून टांगलेली रुळाची पट्टी, आणि कर्कटकाने कोरलेल्या नावांचा बाक. रुळाचा ठोका खरा ध्वनिमुद्रित केला. ते एकच पार्श्वसंगीत.

आता तारीख. आठवणींत गुंगवून अखेरच्या दोन सेकंदांत तारीख दाखवणाऱ्या चित्रफिती लोक डोळे पुसत पाहतात आणि येत नाहीत. पुष्कळजण अखेरपर्यंत पाहतही नाहीत, कित्येक आवाज बंद ठेवून पाहतात. म्हणून ‘रविवार, २७ डिसेंबर २०२६, सकाळी दहा, शाळेचे पटांगण’ ही ओळ आम्ही विसाव्या सेकंदाला एकदा आणि शेवटी सलग दहा सेकंद, ठळक अक्षरांत ठेवली. वार, महिना आणि वर्ष तिन्ही लिहिली. अशी फीत वर्षभर फिरत राहते आणि ‘येत्या रविवारी’ला मग अर्थ उरत नाही.

नोंदणीचे गणित आणखी वेगळे. चित्रफितीत दिसणाऱ्या दुव्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. क्यूआर कोड छान दिसतो, पण ज्या फोनवर फीत चालू आहे त्याच फोनने तो टिपणार कसा? दुवा सोबतच्या संदेशात द्यावा, तर फीत पुढे पाठवताना तो मजकूर गळू शकतो. त्यामुळे दुवा संदेशात आणि दोन दूरध्वनी क्रमांक चित्रातच, अशी आम्ही व्यवस्था केली. मुदत ३० नोव्हेंबर; आचाऱ्याला पाने किती ते त्यानंतर सांगायचे आहे.

नोंदणीपत्रकात मात्र पहिला रकाना आम्ही आग्रहाने ‘हजेरीपटावरचे नाव’ असा ठेवला. वर्गातल्या बहुतेक मुलींची आडनावे बदलली, काहींची नावेही. आजच्या नावाने शोधू गेलो तर आम्हांला त्या सापडत नाहीत. संहितेतले शेवटचे वाक्यही म्हणून तेच आहे: ‘हजेरीत पुकारायचे ते नाव लिही, आणि ये.’