नमुना आणि माल

शहापूरच्या आमच्या किराणा दुकानामागील गोदामात मागील पावसाळ्यात एका गावठी कुत्रीने तीन पिल्लांना जन्म दिला. त्यांना चांगली घरे मिळावीत म्हणून पिल्ले दोन महिन्यांची झाल्यावर कन्येने एका पिल्लाचे छायाचित्र ओळखीच्यांना मोबाइलवर पाठविले. रात्री, फ्लॅश लावून, ओढणीत गुंडाळून काढलेले ते चित्र फार गोजिरे होते. दुसऱ्याच दिवशी एक कुटुंब पिल्लू घेऊन गेले आणि दीड महिन्याने परत घेऊन आले. "आम्हांला लहान जातीचे वाटले होते," एवढेच ते म्हणाले. दोष त्यांचा नव्हता. ओढणीत पाय झाकले गेले होते, जवळून घेतल्यामुळे डोके मोठे आणि अंग इवलेसे दिसत होते. नमुना एक दाखवून माल दुसरा देण्यासारखेच ते झाले होते. दरम्यान मिळालेले घर तुटलेले ते पिल्लू मात्र दोन दिवस पोत्यांमागून बाहेर आले नाही.

तोवर दुसरे पिल्लू शेजाऱ्यांकडे रुजले होते. परत आलेले पिल्लू आम्हीच ठेवले. उरली एक काळी पिल्ली, जिच्या मागच्या पायावर भाजल्याचा जुना व्रण होता. तिची सतरा छायाचित्रे काढून आम्ही दोघे गल्ल्यापाशी निवड करायला बसलो. प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारायचे ठरले : स्वभाव दिसतो का, प्रकृती दिसते का, आकार कळतो का? प्रत्येकास शून्य ते दोन गुण.

प्रथम आम्ही गुणांची बेरीज केली, आणि तेथेच चुकलो. बेरजेत वर आलेली तिन्ही चित्रे जवळजवळ सारखीच होती. प्रत्येकात सगळे थोडेथोडे होते, पुरते काहीच नव्हते. मग प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी क्रमवारी लावली आणि प्रत्येकीतील पहिले चित्र घेतले.

स्वभावाच्या क्रमवारीत कन्येने जीभ बाहेर काढलेले चित्र वर ठेवले होते. "पप्पा, बघा, हसतेय ना!" मी ते मोठे करून पाहिले. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसत होती, कान मागे चिकटलेले, शेपटी पोटाखाली. ते हसू नव्हते, भीतीने लागलेली धाप होती. ते चित्र शेवटी गेले. पहिले आले ते जमिनीवर बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेले : एक पाय सुतळीच्या गुंडाळीवर, अंग सैल, नजर थेट आपल्याकडे.

प्रकृतीसाठी उभी, आडवी, पूर्ण अंगाची मुद्रा हवी. त्यात बरगड्या, पोट, त्वचा आणि चारही पाय दिसतात. बाकी अंग रोड आणि पोट तेवढे फुगीर असेल तर जंतांची शंका घ्यावी. काळ्या रंगाची अडचण अशी, की पांढऱ्या भिंतीपुढे मोबाइल भिंतीचा उजेड धरतो आणि प्राणी कोळशाचा गोळा होतो. म्हणून सकाळी ओसरीच्या सावलीत, करड्या पोत्यांपुढे, पडद्यावर तिच्या अंगावर बोट टेकवून उजेड ठरविला. तेव्हा केसांची चकाकी दिसली आणि व्रणही दिसला. कन्या म्हणाली, "हा कापून टाकू या का?" मी नको म्हणालो. जो व्रण पाहून नाही म्हणणार, त्याने शहापूरला येण्यापूर्वीच नाही म्हटलेले बरे.

आकाराचे पहिले चित्र सर्वांत साधे होते : पिल्ली दुकानाच्या तराजूवर, शेजारी एक किलोचे वजन. काट्यावर साडेचार किलो. पण पिल्लाचा आजचा आकार उद्याचा नसतो, आणि पंजे पाहून बांधलेला अंदाज बरेचदा फसतो. म्हणून चौथे चित्र जोडले : तिची आई कन्येच्या गुडघ्यापाशी उभी. खांद्यापर्यंत उंची मोजली, ती एकोणीस इंच भरली. पित्याचा पत्ता नसल्याने हाही अंदाजच होता, परंतु तो काय पाहून बांधला ते वाचणाऱ्यास दिसत होते.

चित्रे पाठविताना स्वभावाचे पहिले ठेवले, कारण माणूस तेथे थांबतो. त्याला लागूनच तराजूचे, म्हणजे मन गुंतण्यापूर्वी हिशेब कळतो. चित्रात जे दिसूच शकत नाही ते खाली लिहिले : वय साडेतीन महिने, जंताचे औषध दिले आहे, पहिली लस झाली आहे, लहान मुलांच्या सहवासाचा अनुभव नाही.

या वेळी विचारणा कमी आल्या. दहा दिवसांनी मुरबाडहून किन्हवलीमार्गे एक गृहस्थ पत्नीसह आले. त्यांनी प्रथम पाय पाहिला, मग आईला पाहिले आणि म्हणाले, "शेठ, फोटोत आहे तशीच आहे." पत्नीने पिल्लीपुढे सुतळीची गुंडाळी धरली, तशी तिने तीवर पाय ठेवला.

ती सुतळी आम्ही तिच्यासोबतच दिली. आज सहा महिने झाले. परवा त्यांनी चित्र पाठविले : काळी कुत्री ओट्यावर बसलेली, आईएवढीच. व्रण स्पष्ट दिसत होता.