'बनगरवाडी' आणि एम.ए.चा गृहपाठ : सिद्धांत कादंबरीवर न लादता कसं वाचायचं?



आपल्यातले बरेच जण डी.एड. झाल्यावर नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए., एम.ए. करतात. आमच्या पिंपळगावातून नाशिक जवळ, त्यामुळे मुक्त विद्यापीठाचा रस्ता इथल्या शिक्षकांना पाठ आहे. मराठी विषय घेतला की कधी ना कधी असा गृहपाठ येतोच : 'एका कादंबरीचे वर्गीय किंवा वसाहतोत्तर दृष्टिकोनातून वाचन करा.' प्रश्न वाचून पोटात गोळा येतो. मग झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स येतात, त्यात मार्क्स, फॅनन, एडवर्ड सईद अशी नावं असतात, आणि कादंबरी मात्र शेवटच्या पानापर्यंत कुठे दिसत नाही. हा लेख त्याच अडचणीवर आहे. उदाहरण म्हणून मी एकच कादंबरी घेते, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. पुस्तक १९५५ चं. निवेदक आपल्यासारखाच प्राथमिक शिक्षक आहे, म्हणून तुम्हालाही ती जवळची वाटेल.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका छोट्या वाडीत येतो. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे रानात. कारभारी म्हणजे गावचा म्हातारा प्रमुख. तो शब्द टाकतो आणि शाळा भरू लागते. हळूहळू मास्तर गावाचा होतो. पत्रं लिहितो, तालुक्याहून वस्तू आणतो, भांडणं ऐकतो. त्याच्या पुढाकाराने गाव अंगमेहनतीने तालीम बांधतं. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते.

आता नोट्समध्ये सापडणाऱ्या धर्तीचं एक वाक्य घेऊ : 'मास्तर हा वसाहतवादी ज्ञानव्यवस्थेचा प्रतिनिधी असून तो देशी धनगर संस्कृतीवर आधुनिकता लादतो.' वाक्य भारदस्त आहे. ते थेट उतरवूनही नका आणि थेट फेकूनही देऊ नका. त्याची तपासणी करा. मी वहीच्या डाव्या पानावर वाक्याच्या बाजूचे प्रसंग लिहिते आणि उजव्या पानावर विरोधातले, प्रत्येकापुढे पुस्तकाचा पान क्रमांक. क्रमांक लिहिता येत नसेल तर तो मुद्दा आपल्या डोक्यातला आहे, पुस्तकातला नाही असं समजायचं.

डाव्या पानावर काय येतं? मास्तर बाहेरून आलेला आहे. त्याला सरकारने नेमलंय. अक्षर त्याच्याकडे आहे आणि गावाकडे नाही. हे सगळं खरं आहे, वाक्य अगदीच हवेतलं नाही.

उजवं पान मात्र भराभर भरतं. पहिली गोष्ट, सरकार कुठलं? वाडी इंग्रजांच्या थेट मुलखात नाही, औंध संस्थानात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या प्रचारासाठी प्रसिद्ध होते आणि १९३९ साली त्यांनी आपला अधिकार सोडून गावपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना दिली, तिच्या मागे गांधीजींचा सल्ला होता. म्हणजे इथली शाळा 'इंग्रजांची शाळा' म्हणून चालत नाही. कादंबरीत तालीम का बांधली जाते आणि तिच्यासाठी राजा का येतो, हेही या पार्श्वभूमीवर कळतं. दुसरी गोष्ट, मास्तरच्या हाती सत्ता आहे का? शाळा त्याच्या हुकमाने भरत नाही, कारभाऱ्याच्या शब्दाने भरते. कारभाऱ्याच्या मुलीला, अंजीला, चोळी शिवून आणून दिल्यावर गैरसमज होतो आणि कारभारी बोलेनासा होतो, तेव्हा मास्तर किती एकटा पडतो ते वाचून पाहा. ज्याची सत्ता आहे तो माणूस असा एकटा पडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे, लादलं कोणी कोणावर? पुस्तकभर गावच मास्तरला घडवतं.

तर ते वाक्य टिकत नाही. पण मग 'वसाहतोत्तर दृष्टी इथे लागूच होत नाही' असं लिहून मोकळं व्हायचं का? तेही नको, तीही घाईच झाली. मोठं उत्तर टाकून द्यायचं आणि त्याच्या जागी लहान प्रश्न विचारायचा. माझा प्रश्न असा : दूरचं राज्य या वाडीपर्यंत नेमकं कशातून पोचतं?

मग एक प्रसंग उजळतो. रामा बनगर गाठीला ठेवलेले जुने रुपये बदलून आणण्यासाठी मास्तरकडे देतो. पहिल्या वाचनात ही भाबडेपणाची गमतीदार गोष्ट वाटते. पण थांबून बघा. आयुष्यभर मेंढरं राखून जमवलेला पैसा चालेल की नाही, हे त्या माणसाच्या हातात नाही. ते दूर कुठे तरी ठरतं. (इतिहासातली नोंद अशी की व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये १ एप्रिल १९४१ पासून चलनातून बाद झाले.) आणि त्या दूरच्या निर्णयाशी व्यवहार करायला त्याला एका वाचता येणाऱ्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकावा लागतो. त्या प्रसंगात इंग्रज कुठेच नाही, तरी त्याचं राज्य रामाच्या कनवटीपर्यंत आलेलं आहे. हे मला पुस्तकातून दाखवता येतं, म्हणून ते मी लिहीन. १९४१ ची नोंद मात्र एका वाक्यात, पार्श्वभूमी म्हणून. कादंबरी चलनावर लिहिलेली नाही आणि तिला तसं बनवायचं नाही.

वर्गीय वाचनाचंही असंच. 'शोषक' आणि 'शोषित' असे दोन रकाने आखून माणसं वाटायला बसलात तर बनगरवाडीत पहिल्याच पानाला अडाल. इथे गिरणी नाही, मालक नाही, मजुरी देणारा सावकार कथेच्या मध्यभागी नाही. धनगराची मेंढरं त्याची स्वतःची आहेत. मग कोणाला तरी ओढूनताणून जमीनदार करावं लागतं, आणि तिथेच परीक्षकाला कळतं की विद्यार्थ्याने सिद्धांत आधी वाचला आणि कादंबरी नंतर चाळली.

त्याऐवजी वस्तूंपासून सुरुवात करा. कोणाकडे काय आहे आणि काय नाही? शेकूकडे एकच बैल आहे. नांगराला जोडी लागते. पेरणीची वेळ टळून चालत नाही. म्हणून दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. या एका प्रसंगात वर्गीय वाचनाला लागणारं सगळं आहे : साधन नसलं की माणसाचं शरीर साधन होतं, आणि घरात ते शरीर कोणाचं असतं हेही ठरलेलं असतं. इथे 'उत्पादनसाधने' हा शब्द वापरायला हरकत नाही, कारण तो एका बैलाकडे बोट दाखवतो. पण तिला 'क्रांतिकारी स्त्री' वगैरे म्हणू नका. तिने बंड केलेलं नाही, नांगर ओढला आहे. जे झालंय तेवढंच लिहिलं तरी ते पुरेसं जड आहे.

याच वाटेने पुढे गेलं की एक गोष्ट दिसते जी मला कुठल्याही नोट्समध्ये मिळाली नव्हती. वाडीच्या या कथेत दरमहा पगारावर जगणारा माणूस कोण? मास्तर. म्हणजे वर्गाचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो सगळ्यात आधी निवेदकाला विचारायला हवा. दुष्काळात गाव मेंढरं घेऊन निघतं, त्यांच्यापुढे फक्त वाट आहे. मास्तरही शेवटी गाव सोडतो, पण त्याच्यामागे खातं आहे, नोकरी आहे. उजाड वाडीचं दुःख आपल्याला ज्याच्या तोंडून कळतं, तो त्या दुःखात पूर्णपणे सापडलेला नाही. असं म्हणणं म्हणजे मास्तरवर आरोप नव्हे. त्याची माया खरीच आहे. फक्त तो कुठे उभा राहून बोलतोय तेवढं नोंदवायचं.

आणि सिद्धांत बाहेरचाच हवा असं कोणी सांगितलं? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले, लोकांत मिसळणारे असावेत अशी मागणी होती. ही कसोटी सौंदणीकर मास्तरला लावून पाहा : तो कुठे मिसळतो, कुठे वेगळा उरतो? माझ्या मते गृहपाठाचा हा भाग सईदच्या परिच्छेदापेक्षा जास्त जिवंत होतो. अर्थात सईदचं नाव घालायचं असेल तर घाला, पण त्यांच्या कल्पनेने कादंबरीतला एखादा प्रसंग अधिक नीट दिसत असेल तरच.

इथे आपल्या शिक्षकांसाठी एक वेगळा धोका आहे. आमच्याकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं बागांवर येतात. पटावर नावं चढतात, उतरतात, आणि मध्येच एक बाक रिकामा होतो. 'बनगरवाडी' वाचताना मला ती पोरं आठवणारच. पण आपला अनुभवसुद्धा सिद्धांतासारखाच पुस्तकावर लादला जातो. धनगराचं पोर स्वतःच्या घरच्या मेंढरांमागे जातं, बागेवरच्या मजुराचं पोर दुसऱ्याच्या कामामागे जातं. दोघंही शाळेबाहेर, तरी कारण एक नाही. वर्गीय दृष्टी उपयोगी पडते ती नेमका हा फरक दाखवण्यासाठी. दोघांना एकाच पोत्यात भरायला ती लागत नाही.

लिहिताना मी प्रमाण असं ठेवते : सहा पानांच्या गृहपाठात सिद्धांत एक पान, तोही आपल्या शब्दांत. चार पानं दोन किंवा तीनच प्रसंगांना. उरलेलं एक पान त्या उजव्या बाजूला, म्हणजे आपल्या म्हणण्यात न बसणाऱ्या गोष्टींना. हे शेवटचं पान लोक गाळतात, गुण कापले जातील या भीतीने. माझ्या पाहण्यात उलट झालंय. आनंदा रामोशी हे पात्र घ्या. त्याला पाहिल्याबरोबर इंग्रजांविरुद्ध उठलेले, १८३२ साली फाशी गेलेले उमाजी नाईक आठवतात आणि पेन आपोआप 'प्रतिकार' हा शब्द लिहायला जातं. पण कादंबरीतला आनंदा बंड करत नाही. तो भूक आणि शब्द यांच्यामध्ये आपल्या परीने तोल सांभाळतो. तिथे 'माझ्या मांडणीत हे पात्र पुरतं बसत नाही' असं सरळ लिहावं, आणि का बसत नाही ते दोन ओळींत सांगावं.

लिहून झाल्यावर एक साधी चाचणी घेते. लेखातून सगळी पारिभाषिक नावं पेन्सिलीने खोडते आणि उरलेलं आईला वाचून दाखवते. तिची शाळा सातवीपर्यंत झाली. शेकूच्या बायकोचं ऐकून ती म्हणाली, "अगं, बैल मेला होता का विकला होता?" मी पुन्हा पुस्तक उघडलं.