घोरणं थांबतं तेव्हा

घोरणाऱ्याला आपण म्हणतो, "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय." यांच्या घोरण्याला मीही पस्तीस वर्षं हेच समजत आले. पण गेल्या चातुर्मासात हे प्रवचनात पेंगायला लागले. एकदा जालना रोडवर सिग्नलला स्कूटरवर बसल्याबसल्या डुलकी लागली, मागच्याच्या हॉर्नने जाग आली. शिवाय दोन गोळ्या चालू असूनही सकाळचं बीपी 160 च्या खाली येईना.

एका रात्री मी वही-घड्याळ घेऊन बसले (बीकॉमची सवय!). घोरता घोरता आवाज एकदम बंद व्हायचा. छाती-पोट हलायचं, पण नाकाशी बोट धरलं तर हवा नाही. पंधरा-वीस सेकंदांनी गचका देऊन श्वास परत सुरू. तासाभरात 26 रेघा झाल्या.

ती वही पाहून डॉक्टर म्हणाले, "हा स्लीप ॲप्निया." झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून झोप मोडतो. ती मोडलेली झोप आपल्याला आठवतही नाही, म्हणून आठ तास झोपूनही दिवसा पेंग येते. दर वेळी शरीर ॲड्रेनलीन सोडतं, नसा आवळतात, बीपी उसळतं. एरवी रात्री बीपी उतरून हृदयाला विसावा मिळतो. इथे तोच मिळत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की बीपी गोळ्यांना जुमानत नाही, ठोके अनियमित होतात, झटक्याचा धोका वाढतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत गेले. त्यांना इतरही आजार होते, पण डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हेच सांगितलं होतं.

तपासणी घरीच झाली. बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा बांधून एक रात्र झोपायचं. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर ठीक, तीसच्या वर गंभीर. यांचे 34 निघाले.

आता हे सीपॅप लावून झोपतात. मशीन मास्कमधून हवेचा दाब देतं, त्यामुळे घसा मिटत नाही. नातू म्हणतो, "आजोबांची मुहपत्ती!" पहिले पंधरा दिवस हे मध्यरात्री मास्क काढून फेकायचे. कडेने हवा गळून डोळ्यांवर यायची. मास्कचं माप बदललं तेव्हा जमलं. पेंग आठवड्यात गेली. बीपी मात्र थोडंच उतरलं, 148 पर्यंत. गोळ्या सुटलेल्या नाहीत, आणि मशीन न लावलेल्या रात्री सगळं पूर्वीसारखंच होतं.

पाळी गेल्यावर हा त्रास बायकांतही वाढतो. आपलं घोरणं बारीक असतं, सकाळी डोकं जड आणि दिवसभर थकवा एवढंच जाणवतं. परवा हे म्हणाले, "तूही घोरतेस गं." वही आता यांच्या उशाशी आहे.