भाईजानचे 234 युरो

मागच्या उन्हाळ्यात भाईजान आणि भाभी जर्मनीला पुतण्याकडे गेले होते. परतण्याआधी तीन रात्री स्पेनमधल्या ग्रॅनडात राहायचं ठरलं. उर्दूच्या पुस्तकात ज्याला गरनाता म्हणतात, तेच हे शहर. अलहम्रा बघायचा ही भाईजानची फार जुनी इच्छा. पुतण्याने एका छोट्या, घरगुती हॉटेलात खोली घेतली. एक खोली, तीन रात्री, रात्रीचे 78 युरो, म्हणजे एकूण 234. पैसे निघताना द्यायचे होते. भाईजानने हट्टाने आपल्याच कार्डावरून दिले. काउंटरवर काय लिहिलंय ते कळलं नाही, सही केली आणि टॅक्सीत बसले.

कोल्हापुरात आल्यावर कार्डाचं स्टेटमेंट आलं. 468 युरो. बरोब्बर दुप्पट. आपल्या हिशेबाने वीस-एकवीस हजार रुपये जास्तीचे गेलेले. निवृत्त माणसाला ही रक्कम लहान नसते, पण भाईजानला पैशापेक्षा वेगळंच लागलं होतं. "मी न वाचता सही केली," एवढंच तो दोन दिवस म्हणत होता.

पुतण्याने इंग्रजीत मेल टाकला. एका ओळीचं उत्तर आलं: दोन खोल्यांचं बुकिंग होतं, दोन खोल्यांचे पैसे घेतले. पुढच्या मेलला उत्तरच नाही. मग विषय माझ्याकडे आला, कारण माझी मुलगी पुण्यात स्पॅनिश शिकते आणि अर्ज लिहिणं हे आमच्या घरात माझं खातं आहे.

मी आधी कागदपत्रं मागवली, कारण तक्रार भाषेने नंतर आणि कागदाने आधी लढते. बिलाचा फोटो मोठा करून पाहिला तर त्यावर दोन वेगवेगळे बुकिंग क्रमांक होते. एक भाईजानच्या नावावर, एक भाभीच्या. पुतण्याच्या कन्फर्मेशनवर मात्र एकच क्रमांक, एक खोली, दोन माणसं. मग गोष्ट उलगडली. स्पेनमध्ये हॉटेलला प्रत्येक पाहुण्याची ओळख नोंदवून पोलिसांकडे कळवावी लागते. हॉटेलने पासपोर्टचे तपशील आधी मागितले होते. पुतण्याने भाईजानचे पाठवले, भाभीचे दोन दिवसांनी वेगळ्या मेलने पाठवले. भाभीच्या पासपोर्टवर तिचं माहेरचं नाव. तिकडे कुणीतरी त्या दुसऱ्या मेलवरून दुसरी खोली टाकून दिली असणार. लबाडी नव्हती, गफलत होती. हे कळल्यावर माझा सूर आपोआप खाली आला.

तरी माझा पहिला मसुदा वाईटच होता. बी.एड. करून वीस वर्षं मुलांकडून विनंती अर्ज लिहून घेतलेत, त्याची सवय. 'आपणांस त्रास देत आहोत याबद्दल क्षमस्व', 'आपल्या कृपेची अपेक्षा', वगैरे. फोनवर मुलगी हसली. "अब्बा, ये फी माफी का अर्ज नहीं है. अपना पैसा है." तिच्या मॅडमनी तिला शिकवलेली रीत अशी: स्पॅनिशमध्ये तक्रारीत माफी मागायची नाही, कृपाही मागायची नाही. घटना सांगायची, आकडा सांगायचा, काय हवं ते सांगायचं. नम्रपणा सगळा क्रियापदात ठेवायचा.

क्रियापदात म्हणजे कसा, हे मला नीट कळायला एक संध्याकाळ लागली. आणि मजा अशी की ती इंग्रजीतून कळेना, मराठीतून झटक्यात कळली.

पहिली गोष्ट 'उस्तेद' या शब्दाची. स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात, आणि आदराने बोलायचं तर 'उस्तेद'. मी खूश. म्हटलं, हा तर आपला उस्ताद! तिकडे काही शतकं अरबी बोलली जात होती, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे, आणि बरेच जण तसं सांगतातही. पण ते खरं नाही. तो 'व्वेस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली मेहेरबानी' या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला शब्द आहे. म्हणून 'उस्तेद'बरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येतं, 'तो' किंवा 'ती' याबरोबर येतं तसं. शिकणाऱ्यांची इथे हमखास चूक होते, समोरच्याला 'उस्तेद' म्हणायचं आणि क्रियापद 'तू'चं लावायचं. आपल्याला हे अवघड जाऊ नये. साहेब समोर बसलेले असतानाही आपण म्हणतोच की, "साहेबांनी जेवायला यावं." हुजूर, सरकार, मालक, सगळ्यांना असंच बोलतो. आदर म्हणजे समोरच्याला जरा लांब उभं करणं, हे दोन्हीकडे सारखंच.

दुसरी गोष्ट दोषाची. पुतण्याच्या इंग्रजी मेलमध्ये 'तुम्ही आमच्याकडून दुप्पट पैसे घेतले' असं होतं. मुलीने लिहिलं, 'से आ प्रोदुथीदो उन एर्रोर एन ला रेसेर्वा'. शब्दशः म्हणजे, बुकिंगमध्ये चूक झाली आहे. कुणी केली ते नाही, झाली आहे. ('थ' हा स्पेनमधला उच्चार, तोही सगळीकडे नाही.) मराठीत आपण हे रोज करतो. घरात कपबशी फुटते, ती कुणी फोडलेली नसते! पण हॉटेलच्या माणसासाठी हा आडपडदा फार कामाचा असतो. 'तुम्ही केलं' म्हटलं की त्याला आधी स्वतःचा बचाव करावा लागतो. 'झालं आहे' म्हटलं की तो थेट दुरुस्तीकडे येऊ शकतो.

तिसरी गोष्ट मागणीची, आणि सगळ्या मेलचा जीव तिच्यातच होता. 'क्येरो मी दिनेरो', मला माझे पैसे हवेत, हे व्याकरणाने बरोबर आहे, पण काउंटरवर हात आपटल्यासारखं. (हा 'दिनेरो' आणि आपला दीनार एकाच रोमन नाण्याचे वंशज आहेत, हे जाता जाता.) मुलीने लिहिलेलं वाक्य असं: 'लेस आग्रादेथेरीआ के नोस देवोल्व्येरान एल इम्पोर्ते कोब्रादो दे मास'. मी म्हटलं, अर्थ सांग. ती म्हणाली, "आपण जास्तीची घेतलेली रक्कम आम्हाला परत करावी, आभारी असेन." तो 'करावी' ऐकला आणि मी म्हटलं, सापडलं. 'देवोल्व्येरान' हे स्पॅनिशमधलं क्रियापदाचं वेगळं रूप आहे, ज्याच्या नावाने शिकणारी मुलं रडतात. घडलेलं नाही, घडावं असं म्हणायचं आहे, त्यासाठीचं रूप. सरकारी पत्रात 'कार्यवाही करावी, ही विनंती' आपण डोळे झाकून लिहितो, तेच हे. आज्ञाही नाही, याचनाही नाही. मागणी मात्र पक्की आहे.

एका शब्दावरून आम्ही वाचलो तेही सांगतो. इंग्रजीतला 'डिमांड' डोक्यात असल्याने मुलीने आधी 'देमांदामोस' लिहिलं होतं. मॅडमनी लाल रेघ मारली. 'देमांदार' म्हणजे बहुतेक वेळा कोर्टात दावा लावणं. 234 युरोंसाठी आम्ही खटला भरतोय असा अर्थ झाला असता. तिथे 'सोलिसितामोस', विनंती करतो, असं आलं. उलट 'मोलेस्त्यास' हा शब्द इंग्रजीच्या कानाला भलताच वाटतो, पण तो साधा 'त्रास' आहे, आणि हॉटेलच्या उत्तरात तो हमखास येतो.

शेवटी मेल असा झाला. विषयाच्या ओळीत बुकिंग क्रमांक आणि 'दुबार आकारणी'. वर 'एस्तिमादोस सेन्योरेस', आणि पुढे स्वल्पविराम नाही, दोन टिंबं. स्पॅनिश पत्रात तशीच रीत आहे. 'सेन्योरेस'मधल्या 'न'वर लहानशी नागमोडी रेघ असते, ती विसरायची नाही. 'वर्ष' या शब्दात ती विसरली तर शरीराच्या भलत्याच भागाचं नाव होतं, आणि मुलीने ते मला सांगितलं नाही, मी शब्दकोशात पाहिलं. पुढे तीन लहान परिच्छेद. पहिल्यात तारखा, नाव, एक खोली, 234 युरो. दुसऱ्यात, बिलावर दोन क्रमांक दिसतात, दुसरा बहुधा पत्नीच्या पासपोर्टच्या मेलवरून तयार झाला असावा, त्या खोलीची किल्ली आम्ही घेतलेली नाही. आपल्या नोंदी तपासाव्यात. तिसऱ्यात, 234 युरो त्याच कार्डावर परत करावेत आणि दुरुस्त बिल पाठवावं. कार्डाचे शेवटचे चारच आकडे दिले, पूर्ण क्रमांक मेलवर कधीच द्यायचा नाही. सोबत कन्फर्मेशन आणि बिल. खाली 'रेथिबान उन कोर्दियाल सालुदो', आमचा नमस्कार स्वीकारावा. इथेही 'स्वीकारावा'च. उर्दूत म्हणतो तसं, आदाब क़बूल फ़रमाएँ.

स्पेनमधल्या हॉटेलांत 'ओखा दे रेक्लामाथ्योनेस' नावाचा तक्रारीचा छापील फॉर्म ठेवावा लागतो आणि मागितला की द्यावाच लागतो. (ओखातला 'ख' नुक्त्याचा, ख़ुदातला.) पुतण्या म्हणत होता, त्याचा उल्लेख करून दम द्या. मी नको म्हटलं. तो पुढच्या मेलसाठी राखून ठेवला, आणि त्याच्याही पुढे इथल्या बँकेत व्यवहारावर हरकत घेण्याचा रस्ता होताच. त्याला मात्र मुदत असते, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. पहिल्याच पत्रात सगळी शस्त्रं काढली की दुसऱ्या पत्रात लिहायला काही उरत नाही.

सहाव्या दिवशी उत्तर आलं, चांगलं आठ ओळींचं. वर भाईजानचं नाव, 'सेन्योर' लावून. झाल्या 'मोलेस्त्यास'बद्दल दिलगिरी, दुसरी नोंद चुकून झाल्याचं कबूल, आणि 'आबोनो' केल्याची खबर. मुलीने शब्दकोश उघडला तर 'आबोनो'चा एक अर्थ निघाला, खात्यात जमा. दुसरा निघाला, शेतात टाकायचं खत. भाईजानला दोन्ही सांगितले.

पैसे जमा व्हायला आणखी दोन आठवडे गेले. रुपयांत काही शे कमी आले, कारण जाताना बँकेने एका दराने युरो धरला आणि येताना दुसऱ्या, वर परकीय चलनाचा आकार. त्याची तक्रार कुठल्या भाषेत करायची, असं भाईजानने विचारलं. मी म्हटलं, ती मराठीत करता येते. मग त्याने हॉटेलचं ते उत्तर छापून मागितलं. आता ते त्याच्या पासपोर्टच्या पाकिटात आहे, आणि कुणी घरी आलं की 'सेन्योर' कुठे लिहिलंय ते आधी दाखवतो.