चारुदत्ताने खरं सांगितलं असतं तर

संपादकांनी फोनवर विषय दिला तो असा : ‘आपल्या पूर्वजांचा प्रामाणिकपणा, सापडलेली वस्तू आणि विश्वासाने ठेवलेली ठेव’. पूर्वी घरांना कुलपं नसत, रस्त्यात पडलेल्या सोन्याला कुणी हात लावत नसे, अशा थाटाचा लेख त्यांना हवा होता. धर्मशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही मागणी नवी नाही. दर सभेत कुणीतरी उठून हेच म्हणतो. मी दर वेळी तेच उत्तर देतो. लोक इतके सरळ असते, तर ठेव बुडवणाऱ्यांसाठी स्मृतिकारांनी एवढे नियम कशाला केले असते? कायद्यात ज्याची सविस्तर तरतूद असते, ते समाजात सर्रास घडत असतं.

मराठी वाचकांना एक प्रकरण ठाऊक आहे, देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे. तेच तपासायला घेतो, म्हणजे परिभाषेचा जाच कमी होईल. वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेवते. रात्री राखणीला त्याचा मित्र मैत्रेय असतो. चोर शर्विलक भिंतीला खिंडार पाडून शिरतो, आणि अर्धवट झोपेतला मैत्रेय समोर चारुदत्तच उभा आहे असं समजून दागिन्यांचं गाठोडं त्याच्या हाती देतो. आता वसंतसेनेला चारुदत्त काय देणं लागतो?

याज्ञवल्क्यस्मृतीचं उत्तर साफ आहे. ठेव राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने पळवली, तर ठेवून घेणाऱ्यावर भरपाईचा बोजा नाही. मनूही आठव्या अध्यायात चोरी, पूर आणि आग यांची नावं घेऊन हेच सांगतो. म्हणजे चारुदत्त सुटला? पूर्ण नाही. मैत्रेयाच्या झोपेचा हिशेब उरतो. कात्यायनाने इथे तीन पायऱ्या केल्या आहेत. ठेव स्वतः वापरून संपवली तर ती व्याजासकट भरायची. हयगयीने गेली तर तेवढीच भरायची. अजाणतेपणी गेली तर थोडी कमी. चोराला मालक समजून वस्तू देणं हे हयगयीत मोडतं की अजाणतेपणात, यावर वर्गात मी मुलांना तासभर भांडायला लावत असे. माझा कौल अजाणतेपणाकडे आहे. म्हणजे थोडी सूट देऊन भरपाई, आणि दंड नाही.

पण खरी अडचण नारदाच्या नियमात आहे. ठेवून घेणाऱ्याच्या स्वतःच्या मालाबरोबर ठेवही गेली, तर नुकसान ठेव ठेवणाऱ्याचं, असं नारद म्हणतो. त्यामागचा हिशेब व्यवहारी आहे. ज्याचं स्वतःचंही गेलं, तो चोरीचं नाटक करत नसावा. चारुदत्ताच्या घरात मात्र चोरण्यासारखं त्याचं स्वतःचं काही उरलेलंच नाही. गेली ती फक्त परकी ठेव. दरिद्री माणसाला हा पुरावा देताच येत नाही, आणि नाटकात चारुदत्तही नेमकं हेच बोलून दाखवतो, की खरं सांगितलं तरी गरिबाचं कोण मानेल? मूळ नाटककार शूद्रकाला कायदा येत होता, असं मला हा प्रवेश वाचताना प्रत्येक वेळी वाटतं.

मैत्रेय त्याला सरळ सल्ला देतो : नाकबूल व्हायचं, साक्षीदार कुठे आहे? याही सल्ल्याची मनूने आधीच सोय करून ठेवली आहे. साक्षीदार नसेल तेव्हा न्यायाधीशाने वयाने आणि वेशाने विश्वास वाटेल अशा हेरांकरवी त्याच माणसाकडे सोनं ठेव म्हणून ठेवावं आणि काही काळाने परत मागावं. जसंच्या तसं परत आलं, तर त्याच्यावरचा पहिला आरोप निराधार. नाही आलं, तर दोन्ही ठेवी वसूल. ही युक्ती मला आवडते, पण तिच्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. खटला चालू असताना आलेली नवी ठेव कुणीही शहाणा माणूस मुकाट्याने परत करील.

चारुदत्त नाकबूल होत नाही. तो दुसरंच करतो. दागिने आपलेच समजून जुगारात हरलो, असा निरोप तो वसंतसेनेला पाठवतो आणि बदल्यात पत्नी धूतेची रत्नमाला देतो. रसिक इथे त्याच्या औदार्याला दाद देतात. मी कपाळाला हात लावतो. चोरीचं खरं सांगितलं असतं, तर त्याच्यावर फार तर थोडी भरपाई आली असती. या खोट्याने त्याने परकी ठेव स्वतःसाठी वापरल्याची कबुली दिली, आणि त्याला याज्ञवल्क्य दंड सांगतो, शिवाय ठेव नफ्यासकट परत करायला लावतो. अब्रू राखायला सांगितलेल्या खोट्याने त्याने स्वतःला सर्वांत हलक्या पायरीवरून सर्वांत खालच्या पायरीवर आणून ठेवलं. ठेवीच्या कायद्यात वस्तू कशी गेली याला जेवढं वजन आहे, तेवढंच तुम्ही त्याबद्दल काय बोललात यालाही आहे.

मध्यंतरी एका व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या. गावाला जाताना दागिने नात्यातल्या एका घरी ठेवले होते. परत मागितल्यावर ‘देतो, घाई काय आहे’ असं काही महिने चाललं, आणि मग त्या घरी चोरी झाली. मी उत्साहाने सांगितलं की याज्ञवल्क्याने याच प्रसंगासाठी अर्धा श्लोक खर्च केला आहे : मागितल्यावर दिलं नाही आणि नंतर नष्ट झालं, तर चोरीची सबब चालत नाही, पूर्ण भरपाई आणि तेवढाच दंड. मागणी झाली त्या दिवशी धोका ठेवून घेणाऱ्याच्या डोक्यावर सरकतो. बाईंनी शांतपणे विचारलं, “पण मी मागितलं होतं हे कसं दाखवू? चहा पिताना विषय काढला होता.” याचं उत्तर मला स्मृतीत सापडलेलं नाही. नात्यात कुणी तारीख घालून मागत नाही, आणि शास्त्राचं सगळं ओझं तर त्या मागण्यावरच आहे.

आता सापडलेल्या वस्तूकडे वळतो. संपादकांनी ‘थोडक्यात’ म्हटलं होतं, पण हा माझा जुना वाद आहे.

गौतमाचा नियम असा : बेवारस वस्तू सापडली तर राजाला कळवायचं, राजाने ती जाहीर करून वर्षभर सांभाळायची, त्यानंतर चौथा हिस्सा सापडणाऱ्याला आणि उरलेला राजाला. मनू मुदत तीन वर्षांची देतो. त्याआधी मालक आला तर वस्तू त्याची, नंतर राजाची. मालक म्हणवणाऱ्याने वस्तूचं रूप, संख्या, हरवल्याची जागा आणि वेळ सांगायची. सांगता आलं नाही तर वस्तूच्या किमतीएवढा दंड. मनूच्या ‘नंतर राजाची’ या शब्दांवरून लोक सरसकट म्हणतात की मुदत संपली, मालकी संपली. इंग्रजी अनुवादांवर वाढलेले वकील तर हटकून म्हणतात. विज्ञानेश्वर तसं म्हणत नाही. (हा मिताक्षराकार चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, ठाण्याजवळच्या कल्याणचा नव्हे. हेही दर वर्षी सांगावं लागतं.) त्याच्या मते तीन वर्षांनंतर राजाला मिळते ती फक्त खर्च करण्याची परवानगी. मालक त्यानंतर आला आणि वस्तू खर्ची पडली असली, तरी राजाने आपला भाग कापून तेवढं मूल्य त्याला द्यायचं.

आकडे घालून पाहू. दागिने 1200 पणांचे आहेत. मालक पहिल्या वर्षात आला तर सगळे 1200 त्याचे. दुसऱ्या वर्षात आला तर राजा सांभाळण्याचं मोल म्हणून बारावा हिस्सा, म्हणजे 100 पण ठेवतो आणि मालकाला 1100 मिळतात. तिसऱ्या वर्षी दहावा हिस्सा, म्हणजे 120. त्यापुढे सहावा, म्हणजे 200. तरीही 1000 पण मालकाचेच. राजाच्या भागातला चौथा हिस्सा सापडणाऱ्याचा, म्हणजे अनुक्रमे 25, 30 किंवा 50 पण. मालक आलाच नाही, तर मात्र संपूर्ण रकमेचा चौथा हिस्सा, म्हणजे 300 पण. मालक न येण्यात सापडणाऱ्याचा फायदा किती मोठा आहे, ते इथे दिसतं. म्हणून जाहीर करण्याचं काम त्याच्याकडे नाही, राजाकडे आहे. पण राजाचाही फायदा त्यातच आहे, तेव्हा दवंडी किती मोठ्याने पिटली जाई याची मला शंका आहे.

या कायद्याचा डाग लपवण्यात अर्थ नाही. जमिनीत पुरलेलं धन विद्वान ब्राह्मणाला सापडलं तर सगळं त्याचं. इतरांच्या वाट्याला विज्ञानेश्वराच्या अर्थानेही सहावा हिस्सा. न कळवता ठेवलं आणि उघड झालं, तर धनही गेलं आणि वर दंड. 1878 च्या निखात निधी कायद्याने माणसामाणसातला हा भेद काढला, पण कळवण्याची सक्ती ठेवली : दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला सांगायचंच.

दानाचं थोडक्यात. दुसऱ्याची ठेव दान करता येत नाही, असं नारद बजावतो. चारुदत्ताने मात्र ठेवीपायी पत्नीला माहेरून मिळालेली रत्नमाला दिली. ते स्त्रीधन, धूतेने व्रताचं निमित्त करून स्वतः दिलं म्हणून व्यवहार कायदेशीर ठरला. पुढे वसंतसेना चारुदत्ताच्या मुलाच्या, रोहसेनाच्या मातीच्या गाडीत आपले दागिने भरते, सोन्याची गाडी करून घे म्हणते. दान पुरं झालं का? वडिलांनी ते स्वीकारलेलं नाही. उलट परत करायला मैत्रेयाला धाडलं.

आणि तिथेच घात होतो. वसंतसेनेच्या खुनाच्या आरोपावरून चारुदत्तावर खटला चालू असताना मैत्रेयाच्या काखेतून ते दागिने न्यायसभेत खाली पडतात. वसंतसेनेच्या आईला ओळख विचारली जाते, म्हणजे मनूचीच खुणांची कसोटी. ती म्हणते, तसेच दिसतात, पण तेच नव्हेत. कारागीर एकासारखा दुसरा घडवतो. खुणांचा पुरावा इथे लंगडा पडतो. मग प्रश्न चारुदत्तावर येतो : हे तिच्यापासून दूर कसे झाले? तो धड उत्तर देत नाही. मुलाचं नाव, मातीची गाडी, परत पाठवल्याची हकिगत, सगळं सांगण्यासारखं होतं. पहिल्या वेळी तो खोटं बोलला तेव्हा रत्नमाला गेली. दुसऱ्या वेळी गप्प राहिला, आणि शिक्षा झाली सुळाची.