सायकल पडत का नाही?

सायकल स्टँडशिवाय उभी करा आणि हात सोडा. ती लगेच आडवी होते. पण त्याच सायकलवर बसून तुम्ही मित्राशी गप्पा मारत मजेत जाता, तेव्हा ती पडत नाही. चाकं तीच, रस्ताही तोच. मग फरक कशामुळे पडतो?

लहानपणी मला मिळालेलं उत्तर भोवऱ्याचं होतं. भोवरा फिरतो तोपर्यंत उभा राहतो आणि थांबला की पडतो. सायकलच्या चाकांचंही तसंच असतं, असं मोठी माणसं सांगायची. उत्तर पटण्यासारखं आहे. पण डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते तपासून पाहिलं आणि १९७० साली त्यावर लेख लिहिला. त्याने सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी आणखी एक चाक लावलं. ते जमिनीला टेकत नव्हतं आणि उलट्या दिशेने फिरवलेलं होतं. त्यामुळे भोवऱ्यासारखा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. तरीही जोन्सला ती सायकल चालवता आली! म्हणजे फिरणाऱ्या चाकाची थोडी मदत होत असेल, पण मुख्य कारण वेगळं आहे.

ते कळण्यासाठी एक लांब काठी तळहातावर उभी धरून बघा. काठी उजवीकडे कलली की तुम्ही हात पटकन उजवीकडे नेता. हात पुन्हा काठीच्या खाली येतो आणि काठी सावरते. सायकलवर आपण हेच करतो. सायकल उजवीकडे कलली की आपण नकळत हँडल थोडं उजवीकडे वळवतो. चाकं उजवीकडे जातात आणि आपल्या वजनाच्या खाली परत येतात. मग सायकल जरा डावीकडे कलते, आणि हँडलही डावीकडे वळतं. खरं तर सायकल सतत पडत असते आणि आपण तिला सतत सावरत असतो.

मी हे डोळ्यांनी बघायचं ठरवलं. एका रिकाम्या, कोरड्या पार्किंगमध्ये जमिनीवर पाणी ओतलं आणि त्यातून सायकल सरळ नेली. मागे वळून पाहिलं तर ओल्या चाकांच्या दोन रेघा दिसत होत्या. सरळ एकही नव्हती. पुढच्या चाकाची रेघ नागमोडी होती आणि मागच्या चाकाची रेघ तिला पुन्हा पुन्हा ओलांडत होती. हळू गेलो तेव्हा वळणं मोठी होती. जोरात गेलो तेव्हा रेघा जवळजवळ सरळ आल्या.

असं का झालं? हँडल फक्त दिशा ठरवतं. चाक बाजूला जायचं असेल, तर सायकल पुढे जायला हवी. समजा, तुम्ही आधी ताशी ४ किलोमीटर वेगाने गेलात आणि मग ताशी १६ किलोमीटरने. वेग चौपट झाला. हँडल तेवढंच वळवलं, तरी आता सायकलची दिशा चौपट लवकर बदलते, आणि ती धावतेही चौपट वेगाने. चार गुणिले चार म्हणजे सोळा. त्यामुळे सावरणारा जोर सोळापट होतो! म्हणून वेगात हँडल जरासं हललं तरी पुरतं, आणि हळू जाताना ते खूप वळवावं लागतं. सायकल थांबली की हँडल कितीही वळवा, चाकं जागची हलत नाहीत. काठी तळहातावर आहे, पण हात बांधलेला आहे, असं समजा.

म्हणजे नुसता वेग पुरत नाही. हँडल वळायलाही हवं. तुमच्या शहरात ट्राम असेल, तर सायकलवाले रुळांना का घाबरतात ते आता कळेल. चाक रुळाच्या खाचेत अडकलं की हँडल वळत नाही. सायकल वेगात असते, चाकं फिरत असतात, तरीही माणूस पडतो. म्हणून रूळ तिरके नाही, शक्य तितके काटकोनात ओलांडायचे.

तुमची सायकल सरळ जात नसेल, सारखी इकडे-तिकडे भरकटत असेल, तर एक गोष्ट तपासा. पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि सायकल एका बाजूला कलवा. हँडल आपोआप त्याच बाजूला वळलं पाहिजे. ते अडकलं, तर हँडलच्या दांड्याचं बेअरिंग जास्त आवळलेलं असू शकतं किंवा ब्रेकची वायर ताणलेली असू शकते. दुरुस्तीवाल्याला तेच दाखवा.

आणि धाकट्या भावंडाला सायकल शिकवाल, तेव्हा नुसतं ‘सरळ धर!’ असं ओरडू नका. त्याला सांगा, ‘ज्या बाजूला पडतोयस, त्याच बाजूला हँडल वळव.’