कोरे सोडलेले प्रश्न

“येत नसेल ते सोडावे,” असे मी वर्गात आयुष्यभर सांगत आलो. चिरंजीवांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत तेच केले आणि ते थोडक्यात हुकले. मागाहून प्रश्नपत्रिका पाहिली, तर कोऱ्या सोडलेल्या 22 प्रश्नांपैकी 15 प्रश्नांत त्यांनी एकेक पर्याय खोडलेला!

तेथे बरोबर उत्तरास 2 गुण. चुकल्यास त्यांचा एक-तृतीयांश वजा. चारही पर्याय अनोळखी असतील, तर 4 प्रश्नांत सरासरी एक बरोबर, तीन चूक : हाती शून्य. एक पर्याय खात्रीने बाद झाला, की 3 प्रश्नांमागे सरासरी 0.67 गुण पदरात. मात्र खोडलेलाच पर्याय बरोबर निघाला, तर नुकसान ठरलेले.

आता मी सांगतो, “एकही पर्याय खोडता येत नसेल, तरच सोडा.”